थकलेली बिले आणि वाढलेला कर: एका फाउंड्रीचे प्रकरण

कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका भागीदारी फर्मचे हे प्रकरण आहे. फर्मची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि आकडे पूर्णांकात घेतले आहेत. हिशोब सोपा राहावा म्हणून सगळ्या रकमा जीएसटी वगळून दिल्या आहेत. या फर्मचा कर-सल्लागार म्हणून मी सुरुवातीपासून या कामात होतो.

## पार्श्वभूमी

दोन भाऊ मिळून ही फाउंड्री चालवतात. पंपांना आणि व्हॉल्व्हना लागणारी कास्टिंग इथे ओतली जातात आणि बाहेरच्या मशीन शॉपकडून मशिनिंग करून मोठ्या ग्राहकांना दिली जातात. २०२३-२४ मध्ये उलाढाल १८ कोटींच्या आसपास होती. फर्म स्वतः 'उद्यम' नोंदणीत लघु उद्योग आहे.

माल देणारे आणि जॉबवर्क करणारे मिळून साठेक जण होते. त्यांत पिग आयर्न आणि कोकचे व्यापारी, पॅटर्न बनवणारे, दोन-तीन लेथवर काम चालवणारी मशीन शॉप, शॉट ब्लास्टिंग, रंगकाम आणि लाकडी खोकी करणारे असे सगळे होते. ऑर्डर बहुतेक वेळा फोनवर दिली जायची. पेमेंट साठ ते नव्वद दिवसांनी व्हायचे, कारण फर्मचा मुख्य ग्राहकही पंचाहत्तर दिवसांनी पैसे द्यायचा. एकाचे पैसे अडकले की पुढच्याचेही अडकायचे. यात कोणाचा खोटेपणा नव्हता. वर्षानुवर्षे रीतच तशी होती आणि मशीन शॉपवाले ती धरूनच आपले दर सांगत.

## नियम काय बदलला

सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांना वेळेत पैसे देण्याचे बंधन नवे नाही. ते २००६ च्या एमएसएमईडी कायद्याच्या कलम १५ मध्ये आहे. लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे द्यायचे, पण तो कालावधी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. उशीर झाला की कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. हे सगळे सतरा वर्षे कागदावर होते. छोटा पुरवठादार मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करत नाही, त्यामुळे फारसे कोणी मनावर घेत नसे.

२०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्याच्या कलम ४३बी मध्ये खंड (एच) घातला आणि कर निर्धारण वर्ष २०२४-२५, म्हणजे आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून तो लागू केला. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे देणे कलम १५ च्या मुदतीत दिले नाही, तर त्या खर्चाची वजावट ज्या वर्षी पैसे प्रत्यक्ष दिले जातील त्याच वर्षी मिळते. कलम ४३बी मधल्या इतर काही देण्यांना विवरणपत्र भरण्याच्या तारखेपर्यंत सवलत आहे, खंड (एच) ला ती नाही.

व्यवहारात यातून तीन शक्यता निघतात. मुदत उलटली, पण पैसे ३१ मार्चच्या आत दिले, तर वजावट त्याच वर्षी मिळते. ३१ मार्चला बिल देणे बाकी आहे, पण मुदत एप्रिलमध्ये संपते आणि त्या मुदतीत पैसे दिले, तरी वजावट आधीच्याच वर्षी मिळते. ३१ मार्चला देणे बाकी आहे आणि मुदतही टळली किंवा पुढे टळू दिली, तर मात्र वजावट पुढच्या वर्षी जाते. या तिसऱ्या गटाचा आकडा शोधणे हेच या प्रकरणातले सगळ्यात मोठे काम ठरले.

## अडचण कशी समोर आली

फेब्रुवारी २०२४ मध्ये मुख्य ग्राहकाकडून फर्मला एक मेल आला: तुम्ही एमएसएमई असाल तर उद्यम प्रमाणपत्र पाठवा. धाकट्या भावाने तो मला दाखवला आणि विचारले, "साहेब, हे आपल्याकडे कशासाठी मागतायत?" ग्राहकाच्या लेखापरीक्षकांनी त्यांच्या बाजूने तयारी सुरू केली होती. तोच नियम फर्मलाही लागू आहे, हे दोघा भावांना त्या दिवशी कळले.

टॅलीतून धनकोंची यादी काढून त्याच पद्धतीने पैसे दिले तर ३१ मार्चला काय दिसेल, याचा अंदाज बांधला. पुढे सांगितलेली छाननी झाल्यावर सूक्ष्म-लघु पुरवठादारांची मुदतबाह्य रक्कम साधारण ९२ लाख निघत होती. भागीदारांचे व्याज आणि मोबदला वजा जाता फर्मचा नफा ५२ लाखांच्या आसपास होता. त्यावर ३० टक्के कर आणि ४ टक्के उपकर मिळून १६ लाख २२ हजार होतात. ९२ लाखांची वजावट गेली तर करपात्र उत्पन्न १ कोटी ४४ लाख होते. उत्पन्न एक कोटीच्या वर गेले की भागीदारी फर्मला १२ टक्के अधिभार लागतो. तसा कर ५० लाख ३२ हजारांवर जात होता. थोरले भाऊ तो कागद हातात धरून बराच वेळ बसले होते. ५२ लाखांच्या नफ्यावर ५० लाख कर भरायचा तर पुढच्या महिन्याचे पगार कुठून द्यायचे, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

वजावट पुढच्या वर्षी मिळेल, म्हणजे कर परत येतो, असे सांगून बरेच जण धीर देतात. ते अर्धेच खरे आहे. कराची मूळ रक्कम पुढच्या वर्षीचे उत्पन्न कमी होऊन भरून निघते. एक कोटी ओलांडल्यामुळे लागलेला अधिभार मात्र तसा परत येत नाही, कारण पुढच्या वर्षी वजावट ज्या उत्पन्नातून होते त्याला अधिभार लागू नसतो. म्हणून आम्ही पहिले लक्ष्य ठरवले: काहीही करून करपात्र उत्पन्न एक कोटीच्या आत ठेवायचे, म्हणजे ३१ मार्चला मुदतबाह्य रक्कम ४८ लाखांच्या आत आणायची.

## यादी वेगळी करणे

पहिला आठवडा साठ पुरवठादारांपैकी या नियमात नेमके कोण येते हे शोधण्यात गेला. प्रत्येकाकडून उद्यम प्रमाणपत्र मागवले. त्यावर तीन गोष्टी पाहायच्या असतात: उद्योग सूक्ष्म, लघु की मध्यम, नोंदणीची तारीख, आणि कामाचे स्वरूप उत्पादन, सेवा की व्यापार.

सगळ्यात मोठा फरक तिसऱ्या गोष्टीने पडला. पिग आयर्न आणि कोकच्या व्यापाऱ्यांकडेही उद्यम प्रमाणपत्र होते आणि जमाखर्च पाहणाऱ्या गृहस्थांनी त्यांना लघु उद्योग धरले होते. २०२१ मध्ये घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली, पण ती फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जासाठी. उशिरा पेमेंटचे संरक्षण त्यांना मिळत नाही. या व्यापाऱ्यांचे ८८ लाख आम्ही यादीबाहेर काढले. वाळू आणि बाइंडर पुरवणारा एक उत्पादक मध्यम उद्योग निघाला, त्याचे २० लाखही बाहेर गेले. नोंदणीच नसलेल्यांचे १४ लाख उरले. कलम १५ चे संरक्षण नोंदणी केलेल्या पुरवठादाराला आहे, म्हणून तेही बाहेर ठेवले आणि तसे टिपण लेखापरीक्षणाच्या फायलीत लावले.

त्यानंतर तारखांचा प्रश्न आला. टॅलीतला दिवस बिलाचा असतो, कायद्यातला दिवस माल स्वीकारल्याचा. माल आल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल आला तो दिवसच स्वीकृतीचा धरला जातो. हरकत घेतली असेल तर पुरवठादाराने ती दूर केली तो दिवस धरतात. गेटवरच्या इनवर्ड रजिस्टरमधून प्रत्येक चलनाची तारीख शोधावी लागली. मशिनिंग केलेल्या मालातले रिजेक्शन नेहमी फोनवर सांगितले जाई. एका मशीन शॉपच्या ४ लाख २० हजारांच्या बिलात चाळीस नग बाद झाले होते आणि त्यावरून वाद चालू होता. तरीही लेखी काहीच नसल्याने ते बिल माल आल्याच्या दिवसापासून धरावे लागले.

एका बिलावरून पूर्ण गणित दिसते. माल २४ जानेवारी २०२४ ला आला. लेखी करार नव्हता, म्हणून पैसे ८ फेब्रुवारीपर्यंत द्यायला हवे होते. ४५ दिवसांचा करार असता तर ९ मार्चपर्यंत वेळ मिळाली असती. दोन्हीकडे मुदत मार्चअखेरच्या आधीच संपते, तेव्हा त्या बिलाला करारानेही फार उपयोग झाला नसता. ५ मार्चला आलेल्या मालाचे मात्र तसे नाही. करार नसेल तर मुदत २० मार्चला संपते आणि ३१ तारखेला ते बिल थकीत ठरते. करार असेल तर १९ एप्रिलपर्यंत वेळ मिळते आणि तोवर पैसे दिले तर वजावट जुन्याच वर्षी बसते. फेब्रुवारीच्या मध्यापासून पुढे येणाऱ्या प्रत्येक बिलाला हा फरक पडत होता.

## कोणते पर्याय पुढे होते

पहिला पर्याय बाहेरून कानावर आला होता. काही ठिकाणी मार्चमध्ये बिले रद्द करून एप्रिलमध्ये नवी काढून घेत होते. माल आलेला, वापरलेला, कास्टिंग ग्राहकाला गेलेली. अशा वेळी बिल मागे घेणे म्हणजे खोटा कागद, शिवाय जीएसटी आणि ई-वे बिलातली विसंगती. हा पर्याय त्याच बैठकीत बाजूला पडला.

दुसरा पर्याय होता पुरवठादारांना उद्यम नोंदणी रद्द करायला सांगण्याचा, किंवा 'आम्हाला उशीर चालेल' असे लिहून घेण्याचा. एमएसएमईडी कायद्याचे कलम २४ सांगते की व्याजाच्या आणि मुदतीच्या या तरतुदी इतर कायद्यांतल्या विसंगत गोष्टींवर मात करतात, आणि ४५ दिवसांची कमाल मर्यादा कराराने वाढवता येत नाही. असे पत्र घेऊन काहीच सिद्ध झाले नसते. नोंदणी रद्द करायला लावणे तर त्या माणसाची बँकेतली पत घालवण्यासारखे होते. थोरल्या भावाने हे स्वतःच नाकारले. वीस वर्षे जोडलेल्या माणसाला असे सांगायचे नाही, एवढेच ते म्हणाले.

तिसरा, मागच्या तारखेचे करार करण्याचा. धाकट्या भावाचे म्हणणे होते की ४५ दिवसांचे सगळे तोंडी ठरलेलेच होते, आता फक्त कागदावर आणायचे. मी याला साफ नकार दिला. पाच पुरवठादारांच्या छापील ऑर्डरवर '६० दिवस' असे आधीच होते. ते लेखी करार म्हणून चालत होते आणि कायद्याने ४५ वर मर्यादित होत होते. बाकीच्यांसाठी १ मार्चपासून येणाऱ्या मालाला लागू होणारे करार करायचे ठरले, आधीच्या मालाला १५ दिवसांचीच मुदत धरायची.

चौथा पर्याय बँकेकडून तात्पुरती वाढीव मर्यादा घेण्याचा होता आणि पाचवा जिथून मिळतील तिथून पैसे उभे करण्याचा. यांतला चौथा सगळ्यात सरळ होता. तो का फसला, ते पुढे येईल.

## निर्णय आणि प्रत्यक्ष कृती

ग्राहकाला उद्यम प्रमाणपत्र पाठवले आणि सोबत थकीत बिलांची यादी जोडली. इतकी वर्षे पैशांची आठवण करायला दोघे भाऊ कचरत होते, ऑर्डर जाईल अशी भीती होती. या वेळी ग्राहकालाही वजावट गमवायची नव्हती. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ३१ लाख आले. घरच्या मुदत ठेवी मोडून भावांनी आणखी १८ लाख भांडवल म्हणून आणले. असे ४९ लाख हातात आले.

हे पैसे कोणाला आधी द्यायचे, हा या प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय होता. दबाव पिग आयर्नच्या व्यापाऱ्याचा जास्त होता. त्याला १२ लाख हवे होते, नाहीतर पुढची गाडी पाठवणार नाही असे तो सांगत होता. पण त्याला दिलेल्या पैशाने करात एक रुपयाही फरक पडणार नव्हता. तसेच मार्चमध्ये आलेल्या, करारात बसणाऱ्या बिलांचे पैसे ३१ मार्चपूर्वी देण्यातही काही मिळत नव्हते, ती एप्रिलमध्ये मुदतीत दिली तरी चालणार होती. म्हणून ४९ लाख पूर्णपणे मुदत टळलेल्या सूक्ष्म-लघु बिलांवर खर्च करायचे ठरले. व्यापाऱ्याला १० एप्रिलची तारीख दिली. त्याने एक गाडी चार दिवस अडवली आणि एका पाळीला भट्टी बंद ठेवावी लागली. ती किंमत मोजूनही हा निर्णय बरोबर होता असे मला वाटते.

४९ लाखांपैकी ७ लाख चेकने गेले. त्या वर्षी ३१ मार्चला रविवार होता, म्हणून चेक ३० तारखेला पुरवठादारांच्या हातात देऊन तारखेसह पोच घेतली. ते एप्रिलमध्ये वटले. चेक वटला तर पैसे चेक मिळाल्याच्या दिवशी दिले असे धरायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये ओगले ग्लास वर्क्सच्या आयकर प्रकरणात सांगितले आहे. ओगलेवाडीच्या त्या कारखान्याचा निकाल आजही कामाला येतो. खात्यात पैसे असायला हवेत आणि चेक पुढच्या तारखेचा नको, एवढी काळजी घ्यावी लागते.

बँकेकडे ४५ लाखांच्या तात्पुरत्या मर्यादेचा अर्ज मार्चच्या मध्याला गेला. बँकेने नवे स्टॉक स्टेटमेंट आणि अंदाजपत्रक मागितले, मंजुरी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आली. तोवर वर्ष संपले होते.

## काय निष्पन्न झाले

३१ मार्च २०२४ ला सूक्ष्म-लघु पुरवठादारांचे ७० लाख देणे उरले. त्यांतले ४३ लाख मुदतबाह्य होते आणि २७ लाख करारातल्या मुदतीत. या २७ पैकी २५ लाख एप्रिलमध्ये वेळेत गेले. उरलेल्या २ लाखांचे एक बिल पॅटर्न बनवणाऱ्याचे होते. त्याने करारात ३० दिवसांचाच आग्रह धरला होता. माल ९ मार्चला आला होता, म्हणजे मुदत ८ एप्रिलला संपत होती. जमाखर्चात सगळ्यांना ४५ दिवस धरले गेले आणि पैसे १८ एप्रिलला गेले. ४५ ही कमाल मर्यादा आहे, करारात कमी लिहिले असेल तर तेच बंधनकारक असते. तेवढी वजावट गेली.

एकूण ४५ लाखांची वजावट नामंजूर झाली. करपात्र उत्पन्न ९७ लाख झाले, एक कोटीच्या आत. कर ३० लाख २६ हजार आला, म्हणजे मूळ अंदाजापेक्षा १४ लाख ४ हजार जास्त, पण अधिभार टळला. अग्रिम कर ५२ लाखांच्या हिशोबाने १६ लाखच भरलेला होता, म्हणून ऑक्टोबरमध्ये उरलेला कर भरताना कलम २३४बी आणि २३४सी चे मिळून सुमारे १ लाख ७० हजार व्याज लागले.

कर-लेखापरीक्षण अहवालाच्या कलम २२ मध्ये हा आकडा दाखवावा लागतो. तिथे आकडा आणि विवरणपत्रातला आकडा जुळला नाही, तर विवरणपत्र प्रक्रियेतच फरक लावून मागणी येऊ शकते. म्हणून दोन्हींच्या पाठीमागे बिलनिहाय तक्ता जोडून ठेवला. त्याच कलमात पुरवठादारांना देय होणारे व्याजही दाखवायचे असते. त्या काळात बँक दर ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज २०.२५ टक्क्यांनी. साडेतीन लाखांचे बिल दोन महिने उशिरा दिले तर सुमारे ११ हजार ९०० रुपये व्याज होते, आणि एमएसएमईडी कायद्याचे कलम २३ त्याची वजावट कधीच देत नाही, दिल्यावरही नाही. फर्मच्या एकाही पुरवठादाराने ते मागितले नाही. पण मागण्याचा हक्क त्यांच्याकडे आहे आणि उशिरा पेमेंटचे तंटे ऐकणाऱ्या सुलभीकरण परिषदेकडे जाण्याचा रस्ताही. हे लपवून ठेवण्यासारखे देणे नाही, असे मी भागीदारांना स्पष्ट सांगितले.

पुढच्या वर्षी एप्रिल ते सप्टेंबर २०२४ दरम्यान ते ४५ लाख दिले गेले आणि वजावट मिळाली. ३१ मार्च २०२५ ला मुदतबाह्य रक्कम फक्त ६ लाख राहिली. त्या वर्षीचा नफा ५८ लाख होता, त्यातून ४५ वजा आणि ६ अधिक होऊन करपात्र उत्पन्न १९ लाख आले. कर ५ लाख ९३ हजार लागला. आधीच्या वर्षी जादा गेलेले पैसे बहुतांशी अशा रीतीने परत आले. परत आले नाहीत ते व्याजाचे १ लाख ७० हजार आणि बंद राहिलेली एक पाळी.

६ लाखांपर्यंत येणे शक्य झाले ते ग्राहकाच्या बाजूने. ग्राहक ट्रेड्स प्लॅटफॉर्मवर आधीपासून नोंदलेला होता, फर्म नव्हती. जून २०२४ मध्ये फर्मने विक्रेता म्हणून नोंदणी केली. आता ग्राहकाने बिल प्लॅटफॉर्मवर मान्य केले की एखादी बँक ते सवलतीने विकत घेते आणि पैसे काही दिवसांत येतात. पुढे ग्राहकाने पैसे थकवले तरी बँक फर्मकडे मागत नाही. बँक ग्राहकाची पत पाहते, म्हणून खर्च फर्मच्या कॅश क्रेडिटपेक्षा कमी पडला. पंचाहत्तर दिवसांची साखळी तिथे तुटली आणि मशीन शॉपवाल्यांना चाळीस दिवसांत पैसे मिळू लागले. दोघांनी तर त्यानंतर आपणहून दर थोडे कमी केले.

## वेगळे काय करता आले असते

ही तरतूद २०२३ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली होती. लेखी करार एप्रिल २०२३ मध्ये झाले असते, तर फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत आलेला सगळा माल एप्रिलपर्यंतच्या मुदतीत बसला असता. माझ्या अंदाजाने ४३ लाखांतले १६-१७ लाख केवळ एवढ्या एका पानाने वाचले असते, पैसे एक रुपयाही जास्त न लागता.

बँकेकडे जानेवारीत गेलो असतो तर कर्ज मिळाले असते. ४५ लाख पावणेअकरा टक्क्यांनी सरासरी तीन महिने वापरले तर व्याज १ लाख २१ हजार होते. ते खर्च म्हणून वजा होते, २३४बी आणि २३४सी चे व्याज वजा होत नाही. शिवाय १४ लाख कराचे पैसे वर्षभर हातात राहिले असते. कर्ज काढून पुरवठादाराला देणे मार्चमध्ये भागीदारांना जड वाटत होते, पण आकडे शेजारी शेजारी मांडले की ते स्वस्त होते. मर्यादा एकच: ग्राहकाचे पैसे वेळेवर येण्याची खात्री नसेल तर हे कर्ज पुढच्या मार्चला तसेच उभे राहते.

तिसरी गोष्ट अग्रिम कराची. १५ मार्चच्या हप्त्यापूर्वी ४५ लाखांच्या आसपासचा आकडा दिसत होता. तेव्हा आणखी ११-१२ लाख भरले असते तर २३४बी चे व्याज जवळपास टळले असते. ते पैसे भरायचे की पुरवठादारांना द्यायचे, यात भागीदारांनी पुरवठादार निवडले. हाती तेवढेच असताना मीही तेच निवडले असते: पुरवठादाराला दिलेला प्रत्येक लाख ३१ हजारांचा कर वाचवत होता, अग्रिम करात भरलेला लाख फक्त व्याज.

आता फर्ममध्ये चार गोष्टी नेहमीच्या झाल्या आहेत. प्रत्येक पुरवठादाराच्या टॅली खात्यात उद्यमचा प्रकार आणि करारातले दिवस लिहिलेले असतात. बिलाची नोंद करताना इनवर्डची तारीख घातल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही. रिजेक्शन असेल तर माल आल्यापासून आठवड्याच्या आत व्हॉट्सअ‍ॅपऐवजी मेल जातो. दर सोमवारी थोरले भाऊ पुढच्या दहा दिवसांत मुदत संपणाऱ्या बिलांची यादी पाहतात.

एक बदल मात्र बाहेरून आला. १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची मर्यादा वाढली: गुंतवणूक २५ कोटी आणि उलाढाल १०० कोटींपर्यंत. वाळू आणि बाइंडर पुरवणारा तो मध्यम उद्योग ७० कोटींच्या उलाढालीचा होता, तो आता लघु झाला. त्याचे वीसेक लाख जे २०२४ मध्ये हिशोबाबाहेर होते, ते आता ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. एप्रिल २०२६ पासून नव्या आयकर कायद्यातही ही तरतूद कायम आहे. म्हणून दर एप्रिलमध्ये सगळ्या पुरवठादारांकडून नवे उद्यम प्रमाणपत्र मागवण्याचे काम धाकट्या भावाकडे दिले आहे.